तरंगाच्या स्नॅपशॉटवरचा बिंदू त्या क्षणी वर चाललाय की खाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. तरंगांचा धडा सुरू झाला की पहिल्या आठवड्यात एक आकृती फळ्यावर येते: एक नागमोडी रेघ, तिच्यावर A, B, C असे बिंदू, वर एक बाण आणि खाली प्रश्न, ‘या क्षणी कोणते बिंदू वर जात आहेत?’ बोर्डाची परीक्षा असो की सीईटी, हा प्रश्न सोपा समजला जातो. पण हुशार मुलंही इथे चुकतात, आणि चुकली तरी आपण कुठे चुकलो ते त्यांना सापडत नाही. इतक्या वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले त्यांची उत्तरं इथे सलग लिहून ठेवतो आहे.

## रेघ उजवीकडे चढत जाते आहे, मग तिथला बिंदू वरच जात असणार ना?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, म्हणून सुरुवात इथूनच करू.

आपण रेघ डावीकडून उजवीकडे वाचतो. बोट रेघेवरून फिरवत नेलं की चढ लागतो आणि मन सांगतं, बिंदू वर चाललाय. पण दोरीवरचा बिंदू रेघेवरून प्रवास करत नसतो. तो आपल्या जागी उभ्या दिशेत वर-खाली होतो, एवढंच. आपल्या डोळ्यांसमोरून पुढे सरकतो तो आकार. रेघ म्हणजे त्या एका क्षणी दोरीचे सगळे बिंदू कुठे कुठे आहेत याचा फोटो. बिंदूने चालायचा तो रस्ता नव्हे.

ही चूक इतकी चिवट का, याचंही कारण आहे. तरंग डावीकडे जात असेल तेव्हा याच चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर येतं. म्हणजे दहा गणितं सोडवली तर त्यांतली काही बरोबर सुटतात आणि मुलाला वाटतं की रीत बरोबर आहे, आपण मधूनच कुठेतरी घाई करतो. रीत मुळातच चुकीची असते आणि अर्ध्या वेळी नशिबाने जमून जाते.

## मग बरोबर रीत कोणती?

शेजाऱ्याला विचारायचं. तरंग ज्या बाजूने येतो आहे, त्या बाजूच्या शेजाऱ्याला.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल. गॅलरीत मेक्सिकन वेव्ह सुरू झाली आहे असं समजा. 1986 च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपपासून जगभर माहीत झालेली, लोक ओळीने उठतात आणि बसतात ती लाट. ती डावीकडून तुमच्याकडे येते आहे. तुम्ही कधी उठणार? डावीकडचा माणूस उठलेला दिसला की. तुमच्या उजवीकडचा काय करतोय याच्याशी तुमचा काही संबंध नाही, तो तुमच्याकडे बघून उठणार आहे. थोडक्यात, तुमच्या डावीकडचा आत्ता ज्या उंचीवर आहे, तीच तुमची पुढच्या क्षणाची उंची.

दोरीवरच्या तरंगाचंही असंच आहे. तरंग उजवीकडे जात असेल तर बिंदूच्या जरासा डावीकडे बघा. तिथली रेघ बिंदूपेक्षा उंच असेल तर बिंदू वर जातोय, खाली असेल तर खाली. तरंग डावीकडे जात असेल तर उजवीकडच्या शेजाऱ्याला विचारा. बस्स.

हेच दुसऱ्या शब्दांत मी मुलांना असं सांगतो: तरंगाच्या दिशेने रेघेवरून चालायला लागा. जोतिबाच्या डोंगरावर चालत गेल्यासारखा चढ लागला, तर तिथला बिंदू खाली जातोय. उतार लागला, तर वर. ‘चढ तिथे खाली, उतार तिथे वर.’ ऐकायला उलटं वाटतं, पण चढ लागतो याचा अर्थच असा की तुमच्या मागचा, म्हणजे तरंग ज्या बाजूने आला त्या बाजूचा शेजारी, खाली आहे.

## एखादं उदाहरण आकड्यांसकट सोडवून दाखवा.

एका दोरीवर तरंग उजवीकडे चालला आहे. आयाम 3 सेंटिमीटर, तरंगलांबी 40 सेंटिमीटर, वेग सेकंदाला 80 सेंटिमीटर. आपण फोटो काढला त्या क्षणी दोरीचा आकार असा आहे:

```
y = 3 sin(2πx/40)     (x, y सेंटिमीटरमध्ये)
```

म्हणजे x = 10 वर क्रेस्ट, x = 20 वर दोरी मधल्या रेषेवर, x = 30 वर ट्रफ, आणि x = 40 ला पुन्हा मधल्या रेषेवर. वहीत ही आकृती काढा आणि मग पुढे वाचा.

पहिला बिंदू x = 5 वर घेऊ. तिथली उंची 2.12. तरंग डावीकडून येतोय, म्हणून डावीकडचा शेजारी x = 4 बघायचा. तिथली उंची 1.76. शेजारी खाली आहे, म्हणून आपला बिंदू खाली चालला आहे. इथे रेघ उजवीकडे चढते आहे आणि ‘चढ म्हणजे वर’ म्हणणारा इथेच फसतो.

आता x = 15. उंची पुन्हा 2.12, पहिल्याइतकीच. पण डावीकडे x = 14 वर उंची 2.43 आहे. शेजारी वर, म्हणून हा बिंदू वर जातोय. दोन बिंदू एकाच उंचीवर, क्रेस्टच्या दोन बाजूंना, आणि एक वर तर दुसरा खाली. यात नवल नाही. क्रेस्ट उजवीकडे सरकते आहे, तेव्हा तिच्या पुढचा बिंदू तिच्यावर चढणार आणि मागचा उतरणार.

तिसरा x = 25. हा मधल्या रेषेच्या खाली आहे, उंची −2.12. डावीकडे x = 24 वर −1.76. उणे आकड्यांमध्ये मुलं गडबडतात: −1.76 हे −2.12 पेक्षा वर आहे. म्हणून हाही बिंदू वर जातोय.

असं एकेक करत गेलं की चित्र स्पष्ट होतं. x = 10 पासून x = 30 पर्यंत, म्हणजे क्रेस्टपासून तिच्या पुढच्या ट्रफपर्यंत, दोरीचा सगळा भाग वर चालला आहे. उरलेला, 0 ते 10 आणि 30 ते 40, खाली चालला आहे.

## मधल्या रेषेवरचा बिंदू ना वर ना खाली. तो थांबलेला असतो का?

अगदी उलट. तोच सर्वांत वेगात असतो.

वरच्याच उदाहरणातला x = 20 चा बिंदू घ्या. डावीकडे x = 19 वर उंची 0.47 सेंटिमीटर आहे. तरंग सेकंदाला 80 सेंटिमीटर जातो, म्हणजे 1 सेंटिमीटर सरकायला त्याला 0.0125 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात x = 20 चा बिंदू 0 वरून 0.47 वर पोचतो. भागाकार केला की वेग येतो साधारण सेकंदाला 37.5 सेंटिमीटर, वरच्या दिशेने.

सूत्र हेच सांगतं:

```
बिंदूचा वेग = −(तरंगाचा वेग) × (त्या जागी रेघेचा स्लोप)
```

x = 20 वर स्लोप −0.471 आहे. −80 गुणिले −0.471, म्हणजे +37.7. शेजाऱ्याच्या रीतीने आलेलं 37.5 आणि हे 37.7, यांतला फरक शेजारी पूर्ण एक सेंटिमीटर लांब घेतल्यामुळे पडला. अर्धा सेंटिमीटर घेतला असता तर आकडे आणखी जवळ आले असते. मला हे सूत्र आवडतं कारण ते वेगळं काही सांगत नाही. शेजारी किती उंच आहे हे स्लोप सांगतो, आणि त्याची उंची आपल्यापर्यंत किती लवकर पोचणार हे तरंगाचा वेग सांगतो. सूत्रातलं उणे चिन्ह उजवीकडे जाणाऱ्या तरंगासाठी आहे. डावीकडे जाणाऱ्यासाठी तिथे अधिक येतं.

## क्रेस्टवरच्या बिंदूचं काय?

त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. प्रश्नात ‘या क्षणी’ असं लिहिलं असेल तर उत्तर ‘वरही नाही, खालीही नाही’. ‘यानंतर लगेच’ असं विचारलं असेल तर क्रेस्टवरचा खाली आणि ट्रफवरचा वर. तरंग कोणत्याही दिशेने जात असला तरी या दोन बिंदूंचं उत्तर बदलत नाही.

## सर, बिंदू रेषेच्या खाली आहे, मग तो वर कसा जाईल?

‘कुठे आहे’ आणि ‘कुठे चालला आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गंगावेशीत उभा असलेला माणूस रंकाळ्याकडे निघाला आहे की महाद्वाराकडे, हे तो गंगावेशीत आहे एवढ्यावरून कळत नाही. आपला x = 25 चा बिंदू रेषेखाली आहे आणि वर येतो आहे. x = 35 चा बिंदूही तेवढाच खाली आहे, पण तो आणखी खाली चालला आहे.

बिंदूचा वेग वाढतोय की कमी होतोय, हे मात्र ‘कुठे आहे’ यावरून ठरायला मदत होते. दोरी प्रत्येक बिंदूला मधल्या रेषेकडे ओढत असते. म्हणून रेषेकडे येणारा बिंदू वेग घेत असतो आणि रेषेपासून दूर जाणारा मंदावत असतो. x = 25 चा वर येताना वेग घेतोय, x = 15 चा वर जाताना मंदावतोय.

## शेजाऱ्याऐवजी पूर्ण रेघच थोडी सरकवून तुटक रेघ काढली तर?

चालेल. परीक्षेत बरीच मुलं तेच करतात. मूळ रेघ तशीच ठेवायची, तरंगाच्या दिशेने जराशी सरकवून तुटक रेघ काढायची आणि बिंदूपासून सरळ उभं वर किंवा खाली बघायचं. तुटक रेघ वर असेल तर वर, खाली असेल तर खाली. बाण उभाच काढायचा. मुलं तो तिरका, रेघेला धरून काढतात आणि मार्क घालवतात.

पण किती सरकवायची, यात एक अडचण आहे आणि तिच्यामुळे फसलेली मुलं मी पाहिली आहेत. पेन्सिल जाड, आकृती लहान, म्हणून फरक नीट दिसावा म्हणून मूल रेघ भरपूर सरकवतं. वरच्या उदाहरणात x = 15 चा बिंदू वर जातोय हे आपल्याला माहीत आहे. रेघ 10 सेंटिमीटर सरकवली, म्हणजे तरंगलांबीचा चौथा हिस्सा, तर x = 15 वर आता जुनी x = 5 ची उंची येते. तीही 2.12 च. मूल म्हणतं, बिंदू हललाच नाही. 15 सेंटिमीटर सरकवली तर तिथे x = 0 ची उंची येते, म्हणजे शून्य, आणि मूल ठामपणे लिहितं, ‘खाली’. झालं असं की मधल्या वेळात बिंदू वर गेला, क्रेस्टवर पोचला आणि परत खाली आला. आपण विचारलं होतं त्या क्षणाचं, आणि उत्तर मिळालं बऱ्याच नंतरच्या क्षणाचं.

म्हणून तरंगलांबीच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त सरकवू नका. आकृतीत एक लाट 4 सेंटिमीटरची काढली असेल, तर 2 मिलिमीटर पुरेत. बिंदू क्रेस्टच्या किंवा ट्रफच्या अगदी जवळ असेल तर त्याहूनही कमी. तिथे मी तुटक रेघेच्या भानगडीत न पडता शेजारीच बघतो.

## खरोखरच्या दोरीवर हे दिसतं का?

दिसतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही.

आमच्या क्लासच्या खिडकीच्या गजाला 6 मीटरची सुती दोरी बांधतो. मीटरला 100 ग्रॅम वजनाची, म्हणजे चांगली जाड. मध्यावर लाल लोकरीची गाठ मारतो आणि एक मुलगा दुसरं टोक धरून ताणून उभा राहतो. दोन किलोची पिशवी हातात धरायला लागतो तेवढा जोर लावला की दोरीवरचा झटका सेकंदाला साधारण 14 मीटर वेगाने पळतो. नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमने शूट करायचं. दोन फ्रेममध्ये झटका जेमतेम 6 सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो.

फ्रेम एकेक करून पुढे नेताना मी मोबाइल मुलांच्या हातात देतो. झटक्याची पुढची बाजू लाल गाठीला नुकतीच लागलेली असते, त्या फ्रेमवर थांबवून विचारतो, गाठ कुठे जाणार? मागच्या वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीतल्या आकृतीसारखं बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘सर, रेघ उजवीकडं उतरतीय, म्हणजे खाली.’ पुढची फ्रेम आली. गाठ वर सरकलेली. तिने फ्रेम मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे नेली. मग मोबाइलवर बोट गाठीच्या डावीकडे ठेवून हळूच म्हणाली, ‘सर, ही बाजूची दोरी वर हाय की हो. तीच हिकडं यायला लागलीय.’ ती मुलगी त्यानंतर या प्रश्नात चुकलेली मला आठवत नाही.

झटका गजावर आपटून परत येतो, तो भाग मात्र पहिल्या दिवशी दाखवू नका. का, ते पुढे येतंच आहे.

## पेपरात बाण दिलेला नाही, समीकरण दिलंय. दिशा कशी ओळखायची?

```
y = A sin(kx − ωt)   →  उजवीकडे
y = A sin(kx + ωt)   →  डावीकडे
```

kx आणि ωt यांची चिन्हं वेगळी असली की उजवीकडे, सारखी असली की डावीकडे. मात्र A sin(ωt − kx) हाही उजवीकडेच जाणारा तरंग आहे, आणि इथे एक बारीक खाच आहे. t = 0 ला त्याचा फोटो −A sin kx असा येतो, म्हणजे पहिल्याच्या उलटा: मूळबिंदूच्या उजवीकडे आधी ट्रफ, मग क्रेस्ट. काही मुलांनी ‘उजवीकडे जाणाऱ्या तरंगात मूळबिंदूवरचा कण खाली जातो’ असं पाठ केलेलं असतं. ते पहिल्या समीकरणाला खरं आहे, या समीकरणाला खोटं. जागा पाठ करू नका. आकृती काढा आणि शेजारी बघा.

उलट दिशेनेही विचारतात: बिंदू खाली जातोय असं दिलेलं असतं आणि तरंगाची दिशा काढायची असते. बिंदूच्या दोन्ही बाजू बघा. जी बाजू त्याच्यापेक्षा खाली आहे, तरंग त्या बाजूने येतो आहे.

बाणही नाही, समीकरणही नाही, आणि कुठल्याही बिंदूच्या हालचालीबद्दल काही सांगितलेलं नाही, अशा वेळी एका फोटोवरून उत्तर देताच येत नाही. क्रेस्ट आणि ट्रफ सोडून प्रत्येक बिंदूला दोन्ही उत्तरं शक्य असतात.

## हीच नागमोडी रेघ, पण आडव्या अक्षावर x ऐवजी t लिहिलंय. मग?

मग तो स्नॅपशॉटच नाही. ती एकाच बिंदूची वेळेनुसार नोंद आहे, लाल गाठीची डायरी म्हणा. तिथे रेघ चढत असेल तर बिंदू वरच जातोय आणि तरंग कुठे चालला आहे हे विचारायची गरजच नाही. ‘चढ म्हणजे वर’ ही रीत इथली आहे आणि मुलं ती इथून उचलून स्नॅपशॉटवर लावतात. म्हणून आकृती बघितल्याबरोबर आडव्या अक्षावरचं अक्षर आधी वाचा.

या दोन आकृत्या एकमेकींसारख्या दिसतात, पण उजवीकडे जाणाऱ्या तरंगात त्या आरशातल्यासारख्या उलट्या असतात. साध्या साइन तरंगात हे लपून राहतं. वाकडातिकडा झटका घेतला की उघड होतं. समजा उजवीकडे सेकंदाला 100 सेंटिमीटर वेगाने जाणारा 1 सेंटिमीटर उंचीचा त्रिकोणी झटका आहे. त्याची पुढची बाजू 2 सेंटिमीटरची, उभट, आणि मागची 8 सेंटिमीटरची, लांबट. फोटोत उभट बाजू उजवीकडे दिसते. आता दोरीवरचा एक बिंदू धरा. त्याच्यापर्यंत आधी पोचते ती उभट बाजू, म्हणून तो 0.02 सेकंदात झपकन 1 सेंटिमीटर वर जातो, सेकंदाला 50 सेंटिमीटर वेगाने. मग लांबट बाजू त्याच्यावरून जाते आणि तो 0.08 सेकंद घेत सावकाश खाली येतो, सेकंदाला 12.5 सेंटिमीटर वेगाने. त्याच्या वेळेच्या आलेखात उभट बाजू डावीकडे आली. झटका तोच, आकृती उलटी.

## रंकाळ्यावरच्या लाटांनाही हाच नियम लागतो का?

वर-खाली एवढंच विचारत असाल तर लागतो. लाट काठाकडे येते आहे, तिच्या समोरच्या उतारावर पान तरंगतंय, तर ते पान त्या क्षणी वर उचललं जातंय. संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून बघा.

पण पाण्यातला कण फक्त वर-खाली होत नाही, तो जवळजवळ वर्तुळात फिरतो. क्रेस्टवर असताना पान थोडं लाटेबरोबर पुढे सरकतं आणि ट्रफमध्ये थोडं मागे येतं. म्हणजे दोरीच्या क्रेस्टवरचा बिंदू क्षणभर थांबलेला असतो, तसं पान क्रेस्टवर थांबलेलं नसतं. त्याची वर-खाली हालचाल तेवढी थांबलेली असते.

## आवाजाच्या तरंगाचा असा आलेख दिला तर ‘वर’ म्हणजे काय?

तिथे y म्हणजे हवेचा थर आपल्या जागेपासून पुढे-मागे किती सरकला ते. आलेखात ‘वर’ असं उत्तर आलं तर थर उजवीकडे चाललाय, ‘खाली’ आलं तर डावीकडे. रीत तीच. पडताळा घ्यायला एक गोष्ट उपयोगी पडते: जिथे हवा दाबली गेली आहे तिथली हवा त्या क्षणी तरंगाच्या दिशेनेच सरकत असते, आणि जिथे विरळ झाली आहे तिथली उलट दिशेने.

## ही रीत कुठे चालत नाही?

शेजाऱ्याला विचारण्यामागे एक गोष्ट आपण धरून चाललो होतो: एकच तरंग आहे, एकाच दिशेने जातोय, आणि जाताना त्याचा आकार बदलत नाही. यातलं काही मोडलं की रीत मोडते.

दोन टोकांना बांधलेली तार छेडली, उदाहरणार्थ एकतारीची, तर तिच्यावर स्थिर तरंग तयार होतो. तो कुठेच जात नाही, तेव्हा ‘कुठल्या बाजूचा शेजारी’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. एका फुगवट्यातले सगळे बिंदू एकदम वर जातात, एकदम खाली येतात, आणि कुठल्या वेळी काय, हे एका फोटोवरून कळत नाही. दुसरा फोटो लागतो.

गजावर आपटून परत येणाऱ्या झटक्याचं तर याहून विलक्षण आहे. घट्ट बांधलेल्या टोकावरून झटका उलटा होऊन परततो. वर फुगलेला झटका गेला, खाली फुगलेला परत आला. आता मागून मुलाने दुसरा, तसाच वर फुगलेला झटका पाठवला आणि दोघे वाटेत भेटले असं समजा. आकार दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर एका क्षणी एकाचा फुगवटा दुसऱ्याचा खोलगटपणा पूर्ण भरून काढतो आणि दोरी सरळ दिसते. त्या क्षणाचा फोटो काढला तर त्यात काहीच नाही, नुसती ताणलेली दोरी. शेजाऱ्याला विचारलं तर सगळे एकाच उंचीवर, म्हणजे कोणीच हलत नाही, असं उत्तर येईल.

पण दोरी हलते आहे. उजवीकडे निघालेल्या झटक्याच्या पुढच्या भागातले बिंदू त्याच्यामुळे वर चालले आहेत. डावीकडे येणारा उलटा झटका त्याच जागी आपली मागची बाजू घेऊन आलेला आहे. तिथला बिंदू खोलगट भागातून बाहेर पडतो आहे, म्हणजे तोही वरच चालला आहे. उंची एकमेकींना मारतात, वेग मात्र एकमेकांत मिळतात. त्या क्षणी दोरीच्या त्या तुकड्याचा उजवा अर्धा दुप्पट वेगाने वर, आणि डावा अर्धा दुप्पट वेगाने खाली जात असतो. म्हणून तर पुढच्याच क्षणी दोन्ही झटके सरळ दोरीतून पुन्हा बाहेर येतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात.

अशा ठिकाणी प्रत्येक तरंगाला त्याचा त्याचा शेजारी वेगवेगळा विचारायचा, प्रत्येकाकडून आलेला वेग लिहून घ्यायचा आणि मग बेरीज करायची. दोन्ही मिळून झालेल्या रेघेवर शेजारी शोधायचा नाही.